बर्फाचा घाट, लोखंडी साखळ्या आणि कापडी मोजे: म्युनिकला नव्याने आलेल्या सातारा-सांगलीकरांसाठी

आपल्याकडच्या माणसाला घाटाची भीती नसते आणि इथे तोच त्याचा घोळ होतो. पसरणी उतरलोय, आंबेनळीत भर पावसात गाडी घातलीय, मग हे ऑस्ट्रियातले गुळगुळीत रस्ते काय चीज आहेत, असं प्रत्येक नवा माणूस पहिल्या डिसेंबरात म्हणतो. पावसात रस्ता ओला होतो, पण टायर पकड धरतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर चढ लागला की तोच टायर जागच्या जागी फिरतो, आणि तुमचा घाटातला अनुभव तिथे उपयोगी पडत नाही.

टायरचं एका ओळीत सांगतो: बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असलेलेच हिवाळी टायर घ्या. जर्मनीत 1 ऑक्टोबर 2024 पासून फक्त तेच धरतात. ऑस्ट्रियात हिवाळी रस्त्यांसाठी 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल ही मुदत आहे. जर्मनीत तारीख नाही, रस्त्यावर बर्फ असला की नियम लागू. साखळ्या हा या टायरांवरचा जादा बंदोबस्त आहे. उन्हाळी टायरला साखळ्या लावून भागवू म्हणणारे महाभाग आपल्या ग्रुपवर दरवर्षी निघतात, त्यांचं ऐकू नका.

आता मुख्य गोष्ट. साखळी इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्याच चाकांना लावायची. हे वाचून तुम्ही म्हणाल, एवढं कळतं की. कळत नाही. उसाची ट्रॉली चिखलात रुतली की आपण पाचट कुठे घालतो? ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकाखाली. जोर मागच्या चाकाला असतो, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलंय. पण इथे भाड्याने मिळणाऱ्या लहान-मध्यम गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात.

मागच्या हिवाळ्यात मिरजेकडचं एक कुटुंब भाड्याच्या गाडीने ऑस्ट्रियात झेलराइनच्या दरीतून क्यूटाईला निघालं. हे गाव साधारण 2020 मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा बरंच उंच. वाटेत निळी गोल पाटी लागली, तिच्यावर साखळी गुंडाळलेल्या टायरचं चित्र. भाऊंनी पाटी पाळली, थांबले, अर्धा तास हात गोठवून दोन्ही साखळ्या बसवल्या, पण मागच्या चाकांना. गाडी निघाली ती पुढची चाकं गरगर फिरवत, आणि चढावर आडवी झाली. मागून येणाऱ्या बसला थांबावं लागलं, आणि वहिनी मुलांना घेऊन बर्फात उभ्या. शेवटी गाडी ओढून खाली आणावी लागली, तिचं बिल वेगळं, आणि ओढताना बंपर फुटला तो खर्च वेगळा. साखळ्या चांगल्या होत्या, मापाच्या होत्या, चढावरून घसरण्यापूर्वीच त्यांनी एवढं केलं असतं तर पुरलं असतं: गाडीचं हँडबुक उघडून कोणत्या चाकांना साखळी लावायची, हे बघणं. चारी चाकांवर चालणाऱ्या गाडीलाही हँडबुक सांगेल तीच चाकं. आणि चारी चाकांची गाडी आहे म्हणून निळ्या पाटीतून सूट मिळत नाही.

त्याच हँडबुकात कोणत्या मापाच्या टायरला साखळी चालते आणि तिची कडी किती जाड चालते, हेही असतं. टायरच्या बाजूला 205/55 R16 असं काहीतरी लिहिलेलं असतं, साखळीच्या डब्यावर तेच माप असलं पाहिजे. काही गाड्यांत चाक आणि आतल्या भागात जागा इतकी कमी असते की त्या टायरला साखळी लावायलाच मनाई असते. अशा गाडीला कापडी मोजा हा खरा उपाय.

मोजा म्हणजे टायरवर चढवायचं खरखरीत कापडी आवरण. ताज्या बर्फात, हॉटेलच्या गल्लीत, पार्किंगमधून निघताना, थोड्या अंतरासाठी तो झकास. हलका, घडी करून डिकीत बसतो, हात फारसे मळत नाहीत. पण डांबर लागलं की तो झिजतो, आणि अर्धा रस्ता काळा, अर्धा पांढरा असेल तर फार टिकत नाही. लांब चढ, घट्ट झालेला बर्फ, खाली गोठलेला थर असेल तर साखळीच. निळ्या पाटीशी मोजा चालेल, असं मनाने ठरवू नका, तिथे लोखंडी साखळीच बरोबर ठेवा. फ्रान्सच्या डोंगराळ भागात मात्र 1 नोव्हेंबर ते 31 मार्च हिवाळी टायर नसतील तर साखळ्या किंवा मोजे बरोबर असणं पुरतं, म्हणून नवे लोक गोंधळतात.

मोजा घालायला सोपा. जोराच्या चाकावर वरून ओढायचा, जमेल तितका खाली आणायचा, गाडी अर्धं चाक पुढे घ्यायची, मग उरलेला भाग ओढायचा. घट्ट करायला काही नसतं, थोडं चाललं की तो आपोआप मध्ये बसतो.

साखळीला मात्र रीत आहे. पाटीच्या अलीकडे सपाट जागी थांबा, चढावर नाही. हँडब्रेक, पिवळे दिवे, अंगात चमकीचं जाकीट. साखळी जमिनीवर पसरून पीळ काढा, पीळ राहिला तर पुढचं सगळं वाया. कडं असलेल्या साखळीत कड्याची दोन टोकं चाकामागून सरकवून वर आणा, टायरच्या वर एकमेकांत अडकवा, आणि कडं टायरच्या आतल्या बाजूला ढकला. मग पुढच्या बाजूची कडी जोडा, साखळी टायरवर सारखी पसरवा, ताणायची साखळी खाचेतून ओढा आणि तिचं टोक अडकवा. मग हात फिरवून बघा: कडं पूर्ण मागे गेलंय ना, की टायरच्या तोंडावर बसलंय? तोंडावर बसलं असेल तर पहिल्या वळणात ते सुटतं.

काही मीटर चाला, थांबा, परत ताणा. हे बहुतेक लोक टाळतात, कारण थंडीत पुन्हा खाली वाकायचं. सुटं टोक चाकाबरोबर फिरून आतल्या पत्र्यावर आपटतं, तो ठक-ठक आवाज आला की लगेच थांबा, कारण ते टोक ब्रेकच्या पाइपालाही लागू शकतं. निघताना चाकं फिरत असतील तर घसरण रोखणारं बटण थोडा वेळ बंद केल्याने उपयोग होतो.

साखळीसह जर्मनीत कमाल वेग ताशी 50 किमी. त्या वेगाच्याही खूप खाली राहा, विशेषतः उतारावर. पुढच्या चाकांना पकड असते, मागच्यांना नसते, म्हणून वळणात ब्रेक दाबला की शेपटी बाहेर जाते. डांबर लागलं की साखळी काढा, नाहीतर ती आणि टायर दोन्ही खराब होतात.

एक सल्ला आवर्जून: दुकानातून आणल्याच्या दिवशी उजेडात, कोरड्या पार्किंगमध्ये एकदा बसवून काढून बघा. डब्यात भांडी घासायचे रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनं पायपुसणं ठेवा. परत आल्यावर साखळी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, रस्त्यावरच्या मिठाने ती गंजते. कापडी मोजेही वाळल्याशिवाय पिशवीत कोंबू नका.