पहिल्या सायकोसिससाठी जिल्ह्यात सेवा सुरू करण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी एका प्रश्नाचं उत्तर लेखी ठरवून ठेवा: आजार सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ, म्हणजे डीयूपी, कुठून कुठपर्यंत मोजायचा? मुलगा अबोल झाला, कॉलेज सुटलं, ही पूर्वलक्षणं झाली. ती नोंदवायची, पण मोजणी सुरू करायची ती भास किंवा पक्का संशय आठवडाभर टिकला तिथून. शेवट म्हणजे चिठ्ठी लिहिल्याची तारीख नव्हे. पुरेशा मात्रेत औषध सुरू होऊन ते पुढचा महिनाभर बहुतेक दिवस घेतलं गेलं, तर त्याची पहिली तारीख धरा. ही व्याख्या वर्षाच्या मध्ये बदलू नका.

घरच्यांना तारखा आठवत नाहीत, सण आठवतात. म्हणून नोंदवहीला सणवार, परीक्षा आणि सुगीचं कॅलेंडर जोडा. समजा, एकवीस वर्षांच्या मुलाला दसऱ्याच्या सुमारास आवाज ऐकू येऊ लागले. भाऊबीज झाल्यावर घरचे त्याला देवऋषीकडे घेऊन गेले, मग गावातल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, संक्रांतीला आशाताईंनी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी औषध सुरू झालं. म्हणजे मदत मागेपर्यंत चार आठवडे, मदत मागितल्यावर भटकण्यात अकरा, आपल्या दारात तीन, एकूण अठरा. हे तीन तुकडे वेगळे लिहिले तरच काम कुठे करायचं ते कळतं. इथे गावभर पोस्टर लावून फारसा फरक पडणार नाही. देवऋषी आणि गावातले डॉक्टर यांच्याशी थेट ओळख करून घ्यावी लागेल, आणि आपले तीन आठवडे तर आपल्याच हातात आहेत.

त्यासाठी माणसं नेमून ठेवा. फोन एकाच नंबरवर यावा आणि तो मानसोपचार सामाजिक कार्यकर्त्यांनी घ्यावा. पुढे त्या घराची गाठ त्यांच्याशीच राहील, डॉक्टर बदलले तरी. परिचारिकेने पहिल्या गोळीआधी वजन, कंबर, रक्तदाब आणि साखर नोंदवावी. नंतर वजन वाढलं तर तुलना कशाशी करणार? ताप, फिट किंवा गोंधळलेपण असेल तर मानसोपचारतज्ज्ञांनी आधी शारीरिक कारण शोधावं. मानसशास्त्रज्ञांकडे कुटुंबाच्या बैठका.

अहवालात सरासरी नको, मध्यक द्या. पाच जणांचे आठवडे 3, 5, 8, 18 आणि 110 असतील तर सरासरी जवळपास 29 येते, मध्यक 8. एकच जुना रुग्ण सगळं चित्र झाकतो. मात्र तो 110वाला वगळू नका, त्याचा मार्ग स्वतंत्र वाचा.

शोधमोहीम सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत डीयूपीचा आकडा वाढू शकतो, कारण वर्षानुवर्षं घरात ठेवलेले लोक तेव्हाच पुढे येतात. म्हणून वर्षभराच्या आत आजारी पडलेल्यांचा तक्ता वेगळा काढा आणि तो दर तिमाहीला आशाताईंच्या बैठकीत मांडा.