मुलीसाठी वयात येण्याचं पुस्तक घेताय? या चुका टाळा

पहिली चूक दुकानातच होते. मुखपृष्ठावर ‘किशोरींसाठी’ असं दिसलं की आपण पुस्तक उचलतो. पण जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 हे सगळंच किशोरवय धरते. पाचवीतली मुलगी आणि कॉलेजातली तिची ताई, दोघी त्या एकाच शब्दात बसतात. म्हणून मुखपृष्ठ सोडा, अनुक्रमणिका उघडा.

बरीच पुस्तकं थेट पाळीपासून सुरू होतात. शरीर तसं सुरू होत नाही. बहुतेक मुलींमध्ये आधी स्तनाग्राखाली लहानशी गाठ येते, मग लव, मग उंची भराभर वाढते. पाळी येते ती साधारण दोन-अडीच वर्षांनी, आणि तिच्या आधी काही महिने अंगावरून थोडं पांढरं जायला लागतं.

समजा, दहा वर्षांच्या मुलीला एकाच बाजूला हरभऱ्याएवढी गाठ लागते. दप्तराचा पट्टा घासला तरी दुखते. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ती पुस्तक उघडते, तर त्यात पॅड, पोटदुखी आणि कॅलेंडर. गाठीबद्दल अक्षर नाही. मग तिला वाटतं, आपल्याला कॅन्सर झालाय, आणि ती कुणालाच काही सांगत नाही. ‘एक बाजू आधी वाढू शकते, दुसरी काही महिन्यांनी येते, हात लागला की दुखतं’ एवढी दोन-तीन वाक्यं तिथे असती तरी भागलं असतं. त्यामुळे दुकानात उभ्या उभ्या ही गाठ आणि पांढरं जाणं, दोन्ही पुस्तकात शोधा. दोन्ही असतील, तर चित्रं साधी असली तरी चालेल. गोरेपणाच्या आणि अंगावरचे केस काढण्याच्या टिपा असलेलं पुस्तक मात्र मी परत ठेवीन.

दुसरी चूक म्हणजे आपण न वाचता पुस्तक तिच्या टेबलावर ठेवून देणं. आधी आईने वाचावं, बाबांनीही. आई घरी नसताना पाळी आली, तर पॅड कुठल्या कपाटात आहेत हे बाबांनाच सांगावं लागेल. नको वाटणारी पानं स्टेपल करू नका. ती सगळ्यात आधी तीच उघडेल. अर्धं पुस्तक गर्भनिरोधनावर असेल, तर ते दोन-तीन वर्षांनी घ्या.

तिने पुस्तक उघडलंच नाही, तर ‘वाचलंस का?’ म्हणून मागे लागू नका, ती परीक्षा वाटते. हाताला येईल अशा फळीवर राहू द्या. आत पेन्सिल ठेवा आणि प्रश्न समासात लिहायला सांगा. उत्तरही तिथेच लिहा. तोंडाने न विचारलेले प्रश्न तिथे येतात.

पुस्तकातली वयं सरासरीची असतात, मागेपुढे होतं. पण आठच्या आधी स्तनांची वाढ सुरू झाली, तेरापर्यंत झालीच नाही किंवा पंधरापर्यंत पाळी आली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.