शिवण का फाकते: तपासणीतल्या या चुका टाळा

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधले कुर्ते, ब्लाउज आणि गणवेश शिवणारे कारखाने आमच्या प्रयोगशाळेत कापड पाठवतात, तेव्हा सोबतच्या अर्जावर बहुधा एकच मागणी असते: शिवण मजबूत आहे का, ते पाहून सांगा. या मागणीत दोन निरनिराळ्या तपासण्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. शिवणीची ताकद म्हणजे ती किती जोराला तुटते, हे आयएसओ 13935 या मानकाप्रमाणे मोजतात. शिवणीजवळची घसरण म्हणजे दोरा किंवा कापड काहीही न तुटता, केवळ विणीतले धागे सरकून शिवण किती जोराला ठरावीक अंतराइतकी फाकते, हे आयएसओ 13936 प्रमाणे मोजतात. पहिल्या तपासणीत उत्तम ठरलेले कापड दुसरीत सपशेल नापास होऊ शकते. तरीही लोक फक्त पहिला आकडा पाहतात, आणि ही चूक मला सर्वांत जास्त खटकते.

एका कारखान्याने हलक्या पॉलिस्टर सॅटिनचे कुर्ते शिवले होते. पाठीवर आणि बगलेखाली शिवणी फाकल्या म्हणून माल परत आला. कापडाच्या जुन्या अहवालात शिवणीची ताकद 165 न्यूटन होती आणि खरेदीदाराची अट 120 न्यूटनची होती, त्यामुळे कापड निर्दोष आहे असे सर्वांनी धरून चालले. मग शिवणमास्तरांनी जाड दोरा घेतला, टाके बारीक केले आणि नवा नमुना पाठवला. त्याची ताकद 168 न्यूटन भरली. खरे निदान या दोन आकड्यांतच होते. जाड दोरा घालूनही आकडा जागचा हलत नसेल, तर तुटणारी वस्तू दोरा नव्हेच. जुन्या अहवालात शिवण कशामुळे गेली, या रकान्यात काहीच लिहिलेले नव्हते. कापड फाटले, कापड ओढणाऱ्या यंत्राच्या जबड्यापाशी फाटले, शिवणीपाशी फाटले, दोरा तुटला की धागे घसरले, हे प्रत्येक नमुन्यासाठी नोंदवायचे असते, कारण त्यावाचून नुसत्या न्यूटनांना अर्थ नाही. हा रकाना मोकळा असलेल्या अहवालावर मी सही करत नाही.

त्या कुर्त्याची फाकलेली शिवण भिंगाखाली धरली, तेव्हा टाके जागच्या जागी शाबूत होते. मात्र टाक्यांलगतचे, शिवणीला समांतर असलेले ताण्याचे धागे बाजूला सरकले होते आणि मधे फक्त बाण्याचे आडवे धागे शिडीच्या पायऱ्यांसारखे उरले होते. घसरण दिसते ती अशी. दोऱ्याचा ताण सैल असेल तरी शिवण उघडते, पण तेव्हा वीण टाक्यापर्यंत घट्ट असते आणि फटीत दिसतो तो शिवणीचा दोरा. पहिला दोष कापडाचा, दुसरा शिलाई मशीनच्या बसवणीचा. दोन्हींवर एकच उपाय करू पाहणाऱ्यांनी आधी भिंग हातात घ्यावे, एवढाच माझा आग्रह आहे.

मग त्याच कापडाची घसरण मोजली. पद्धत अशी की एका पट्टीचा एक भाग शिवणीचा आणि दुसरा बिनशिवणीचा ठेवून दोन्ही वेगवेगळे ओढायचे आणि जोर व लांबी यांचे दोन आलेख एकाच आरंभबिंदूवर ठेवायचे. 5 न्यूटनला या दोन आलेखांमध्ये 1 मिलिमीटर अंतर होते. ते शिवणीतल्या सुरुवातीच्या ढिलाईचे अंतर असते, घसरणीचे नव्हे. म्हणून 6 मिलिमीटरची ठरलेली फट अधिक हा 1 मिलिमीटर, असे 7 मिलिमीटर अंतर आलेखांत जिथे पडते, तिथला जोर वाचायचा. तो 62 न्यूटन निघाला, आणि अट होती 80 न्यूटनची. नवशिके हा 1 मिलिमीटर हमखास विसरतात आणि थेट 6 मिलिमीटरवर बोट ठेवतात. त्यामुळे उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते आणि चांगले कापडही विनाकारण नापास होते.

एवढी घसरण का झाली, याचे उत्तर कापडाच्या प्रवासात सापडले. पहिली तपासणी रंगाईनंतरच्या कापडावर झाली होती. सिलिकॉनचे सॉफ्टनर त्यानंतर लावले गेले आणि ते लावलेल्या कापडाची तपासणी कोणी केलीच नाही. सॅटिनमध्ये ताण्याचा धागा अनेक बाण्यांवरून मोकळा जातो, त्यामुळे त्याला पकड मुळातच कमी असते. त्यात पॉलिस्टरचा गुळगुळीत अखंड धागा, आणि वर घर्षण कमी करणारे सॉफ्टनर. आम्ही सॉफ्टनर लावण्यापूर्वीचा तुकडा मागवून मोजला, तेव्हा तो 104 न्यूटनला उतरला. हात लावल्यावर मऊ लागावे म्हणून कापडाने आपली पकड गमावली होती. कारखान्याने सॉफ्टनरचे प्रमाण कमी करून सिलिका असलेले घसरणरोधक फिनिश लावले, आणि पुढच्या मालासाठी विणकराकडून दर इंचातले बाण्याचे धागे वाढवून घेतले. बाणा दाट झाला की ताण्याला जास्त ठिकाणी अडकाव मिळतो. जिथे कापड बदलणे शक्य नसते, तिथे शिवणीची मार्जिन वाढवावी, शिवणीखाली फ्यूजिंगची पट्टी द्यावी, किंवा बगलेशी कपडा थोडा सैल ठेवावा. टाके अतिबारीक करणे हा उपाय मला पटत नाही. घसरणीत त्याचा थोडा फायदा होतो, पण सुयांची छिद्रे दाट होऊन कापड शिवणीवरच फाटू लागते.

दुसरी मोठी चूक नमुना शिवताना होते. कारखान्यात जे मशीन मोकळे असेल त्यावर, हाताशी असेल त्या दोऱ्याने टीप मारून नमुना पाठवला, की तपासणी कापडाची न राहता त्या टीपेची होते. वस्त्रांसाठी मानक स्पष्ट आहे: लॉकस्टिच, पॉलिस्टरचा कोअर-स्पन दोरा, 90 नंबरची सुई आणि दर सेंटिमीटरला 5 टाके. दुमडीपासून 20 मिलिमीटरवर टीप मारायची आणि टीपेपासून 12 मिलिमीटरवर, दुमडीच्या बाजूला कापायचे, म्हणजे मार्जिन 12 मिलिमीटर उरते. आधी फालतू तुकड्यावर टीप मारून वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकतो का, ते पाहावे. मी हे प्रत्येक नव्या कापडासाठी करते, कारण काल सुती कापडावर बसवलेला ताण आज सॅटिनवर तसाच चालत नाही. शिवणीचा आणि बिनशिवणीचा तुकडा एकाच पट्टीतून घेणेही अनिवार्य आहे, कारण त्यामुळेच दोन्हींत तेच लांबीकडचे धागे येतात. घाईत दुसरा तुकडा ताग्याच्या भलत्याच ठिकाणाहून कापणाऱ्यांना मी काम पुन्हा करायला लावते.

किनारीलगतचे नमुने घेऊ नयेत.

ताण्याची आणि बाण्याची घसरण वेगवेगळी मोजावी. शिवण ताण्याला समांतर असेल तर ताणा घसरतो, हे लेबलावर लिहून ठेवावे.

घसरण मोजण्याच्या दुसऱ्या, ठरावीक जोराच्या पद्धतीत दर चौरस मीटरला 220 ग्रॅमपर्यंतच्या वस्त्र-कापडाला 60 न्यूटन आणि त्याहून जड कापडाला 120 न्यूटन जोर देतात. त्यानंतर जोर 5 न्यूटनवर आणून, नमुना जबड्यातच असताना, फट जिथे सर्वांत रुंद असेल तिथे मोजावी. नमुना काढून टेबलावर ठेवून मोजणाऱ्यांच्या हाती निम्मी मिटलेली फट येते.

पावसाळ्यात आलेले कापड थेट मशीनवर चढवू नये. 20 अंश सेल्सिअस आणि 65 टक्के आर्द्रतेत ते स्थिरावू द्यावे, विशेषतः व्हिस्कोस असेल तर, कारण ओलावा घेतलेला व्हिस्कोस धागा बराच कमजोर होतो आणि मग फाटणारे कापड घसरणीच्या तपासणीत गोंधळ घालते.