‘बघू’ म्हणजे ठरलं नाही

आमची टीम नाशिक, पुणे आणि नागपुरात विखुरलेली. मीटिंगच्या चार पानी टिपणांवरून मी अपडेट व्हिडिओची स्क्रिप्ट लिहायचो. एकदा ‘पेमेंट पेज सोमवारी टाकू, बघू’ हे मी ‘सोमवारी येतंय’ असं वाचलं आणि नागपूरकरांनी ग्राहकाला तारीख कळवून टाकली. फार वाईट वाटलं.

आता टिपणांतली ठरलेली वाक्यंच अधोरेखित करतो. काम, माणूस, तारीख यातलं एक जरी नसलं तरी ते ‘बाकी’त. तीच ओळ आता अशी: ‘पेमेंट पेजची तारीख ठरलेली नाही. टेस्टिंग बाकी आहे, पुण्याची टीम गुरुवारी सांगेल.’ मग घड्याळ लावून मोठ्याने वाचतो. दीड मिनिटावर गेलं की आधी चर्चा कापतो, तारखा नाही.