रंगलेल्या गप्पांत शिरताना : आधी उभे राहणे, मग ऐकणे, बोलणे सर्वांत शेवटी

परदेशात नव्याने आलेल्या माणसाला कामाचे बोलणे लवकर जमू लागते, कारण तिथे कोणी काय बोलायचे हे बहुतेक आधीच ठरलेले असते. अवघड जाते ते मधल्या सुट्टीत किंवा कार्यक्रमानंतर चार-पाच जण गोलाकार उभे राहून गप्पांत रंगलेले असताना त्यांच्यात सामील होणे. घोळक्यातील एखाद-दुसरा चेहरा ओळखीचा असतो, विषय मात्र अर्धा होऊन गेलेला असतो आणि भाषा आपली नसते. इथे स्थायिक होऊन मला बराच काळ झाला आहे, आणि नव्याने आलेली मंडळी ज्या अडचणी मला विचारतात त्यांत ही हटकून असते. म्हणून केवळ उभ्याने चाललेल्या अशा गप्पांविषयीच लिहितो.

बहुतेक जण योग्य वाक्य शोधण्यापासून सुरुवात करतात, आणि माझ्या मते अडचणीचे मूळ तिथेच आहे. गप्पांत प्रवेश मिळतो तो प्रथम शरीराला, त्यानंतर लक्षाला आणि सर्वांत शेवटी आवाजाला. माणसे बोलायला उभी राहिली की त्यांच्या मध्ये एक रिकामी जागा तयार होते. प्रत्येकाची छाती आणि पावले साधारण त्या जागेकडे वळलेली असतात आणि घोळका हलला तरी सगळे मिळून ती जागा राखत असतात. अशा उभे राहण्याचा बारकाईने अभ्यास अॅडम केंडन यांनी केला. त्यांच्या मांडणीत मधली मोकळी जागा, ती वेढून उभी असलेली माणसांची कड आणि त्या कडेबाहेरचा पट्टा असे तीन भाग येतात. नवख्याने थेट कडेत घुसू नये; बाहेरच्या पट्ट्यात, पण कडेला लागून उभे राहावे.

त्याआधी घोळका निवडावा लागतो आणि तो चेहऱ्यांवरून न निवडता पावलांवरून निवडावा. दोघे जण अगदी समोरासमोर, पावले एकमेकांकडे रोखून, आवाज खाली आणून बोलत असतील तर तिथे जाऊ नये, मग त्यांतला एक कितीही ओळखीचा असो. याउलट, दोघे काटकोनात उभे असतील किंवा तिघे-चौघे नालेच्या आकारात उभे असून एक बाजू मोकळी असेल, तर तिथे जागा आहे असे समजायला हरकत नाही. किती अंतरावर उभे राहायचे हे घोळक्यातील माणसांनी आपसांत किती अंतर ठेवले आहे ते पाहून ठरवावे. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1966 साली वैयक्तिक अंतर म्हणून सुमारे 45 ते 120 सेंटीमीटर असा पल्ला सांगितला होता. परंतु तो अमेरिकेतील निरीक्षणांवर आधारलेला आहे, आणि देशागणिक हे अंतर बदलते असे त्यांनीच मांडले आहे. आपल्या सवयीचे अंतर इथे कदाचित फार जवळचे किंवा फार लांबचे ठरेल.

उभे राहण्यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे मुख्य बोलणाऱ्याच्या समोरची बाजू, बराच वेळ न बोललेल्या माणसाच्या शेजारी. बोलणाऱ्याची नजर ऐकणाऱ्यांवरून फिरत असते आणि ती समोरच्यावर सहज पडते. त्याच्या शेजारी उभे राहिलात, तर त्याला तुमच्याकडे बघण्यासाठी मान वळवावी लागते आणि तेवढ्यानेही त्याचा ओघ तुटू शकतो. कोणाच्याही खांद्यामागे मात्र उभे राहू नये. मागे थांबलेला माणूस त्या एकाशी काहीतरी काम काढून आला आहे असे इतरांना वाटते आणि बोलणे थांबवून सगळे त्याच्याकडे पाहू लागतात.

कडेला लागून उभे राहिल्यावर नजर ओळखीच्या माणसाकडे न लावता बोलणाऱ्याकडे ठेवावी. ओळखीच्या माणसाशी नजरानजर झालीच, तर मानेने ओळख द्यावी आणि पुन्हा बोलणाऱ्याकडे पाहावे. मग बहुधा कोणीतरी अर्धे पाऊल मागे सरकते किंवा खांदा किंचित वळवते. त्या वळलेल्या खांद्याने तुम्हाला आत घेतले आहे, त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत पुढे व्हावे. शाब्दिक आमंत्रणाची वाट पाहत मागेच थांबले, तर दिलेली जागा नाकारल्यासारखे होते. विषय एक-दोनदा बदलूनही कोणी हलले नाही, तर शांतपणे दुसरीकडे वळावे. काही गप्पा खरोखरच खासगी असतात आणि तसा घोळका त्या दिवशी कोणालाच आत घेत नाही.

याच काळात उपरेपणाची भावना सर्वांत तीव्र असते, कारण आपल्याकडे कोणीच बघत नाही असे वाटते. ते बहुधा खरेही असते. पण ऐकणारी माणसे बोलणाऱ्याकडेच बघत असतात, त्यामुळे रंगलेल्या गप्पांत कोणत्याच मूक माणसाकडे फारसे पाहिले जात नाही. तुमच्या शेजारच्या, तिथे वर्षानुवर्षे वावरणाऱ्या माणसाकडेही त्या क्षणी कोणी बघत नसते. घोळक्याने तुम्हाला स्वीकारले आहे की नाही, याचा अंदाज पावलांवरून घ्यावा. नजरांवरून तो घेऊ नये.

आता बोलण्याच्या वेळेविषयी. दहा भाषांतील संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांतील अंतर भाषेगणिक थोडे बदलले, तरी सरासरीने ते सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकेच निघाले. एक साधा शब्द मनात जुळवून उच्चारायला मात्र सेकंदाच्या निम्म्याहून अधिक वेळ लागतो. याचा अर्थ, समोरच्याचे वाक्य संपत आलेले असतानाच माणसे आपले वाक्य तयार करत असतात. शिकलेल्या भाषेत ही तयारी आणखी सावकाश होते. म्हणून आपण बोलू म्हणेपर्यंत दुसरे कोणीतरी बोलून गेलेले असते आणि नवखा समजतो की आपल्याला मुद्दाम बोलू दिले जात नाही. तो फरक काही क्षणांच्या हिशोबाचा असतो.

म्हणून दोन बोलण्यांमधली फट पकडण्याचा खटाटोप करू नये. किस्सा किंवा मुद्दा पुरा झाल्यावर सगळे हसतात, कोणी उसासा टाकते, कोणी जागेवर थोडे हलते, आणि बोलण्याचा वेग काही सेकंद मंदावतो. नवख्याची जागा तिथे आहे. आपल्याला काही बोलायचे आहे हे आधी अंगानेच कळवता येते : किंचित पुढे झुकावे, बोलणाऱ्याकडे सरळ पाहावे, ऐकू येईलसा श्वास घ्यावा. हे दिसले की बोलणारी व्यक्ती पुष्कळदा स्वतःच थांबते.

समजा, सहकाऱ्यांच्या घोळक्यात एक बाई घर बदलल्याचा किस्सा सांगत आहेत. तुम्ही पोहोचता तेव्हा त्या म्हणत असतात, “आणि मग कपाट जिन्याच्या वळणावरच अडकलं, वरचे शेजारी खाली येईनात, खालचे वर जाईनात!” सगळे हसतात. इथे “कशाबद्दल चाललंय?” असे विचारले, तर एकाला तुमच्यासाठी सगळे पुन्हा सांगत बसावे लागते आणि इतर ताटकळतात. “माझ्याकडेही असंच झालं होतं” म्हणून स्वतःची गोष्ट सुरू केली, तर बाईंचा किस्सा पुरा होण्याआधीच हिसकावला जातो. “मध्येच बोलतो, माफ करा” या वाक्याने तर जे टाळायचे तेच घडते. हसणे ओसरत असताना तुम्ही बाईंकडे पाहून एवढेच विचारावे : “मग ते कपाट शेवटी वर गेलं की खाली आलं?” या प्रश्नासाठी आधीचे काहीही ठाऊक असावे लागत नाही. तो किस्सा पुढे नेतो आणि उत्तर देताना बाईंना तुमच्याकडेच पाहावे लागते. त्या सांगतात की अखेर कपाटाची दारे काढावी लागली, त्यावर दुसरा कोणी काही जोडतो, आणि त्या जोडण्यात आता तुमच्याकडेही बघितले जाते. तुमच्या स्वतःच्या घरबदलाची हकिकत यानंतर, दोन-तीन वाक्यांत, शोभून दिसेल.

1981 साली मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी खेळणाऱ्या मुलांमध्ये नवे मूल कसे मिसळते याचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही असाच क्रम दिसतो. स्वतःविषयी सांगणारी, माहिती विचारणारी किंवा मतभेद दाखवणारी मुले सर्वांचे लक्ष स्वतःकडे ओढत होती आणि दुर्लक्षित होण्याची किंवा नाकारली जाण्याची शक्यता त्यांच्याच बाबतीत अधिक होती. तो अभ्यास मुलांचा असला, तरी मोठ्यांच्या घोळक्यांत मी वर्षानुवर्षे हेच पाहत आलो आहे. प्रश्न विचारावा, परंतु तो बोलणाऱ्याला पुढे नेणारा असावा. सगळ्यांना मागे नेणारा नसावा.

जुन्या ओळखीतील नावे, मागच्या वर्षीचे प्रसंग आणि आपसांतील थट्टा यांतले पुष्कळ काही समजणार नाही. न कळलेल्या विनोदावर मोठ्याने हसू नये, कारण पुढचाच प्रश्न तुमच्याकडे आला तर पंचाईत होते. हलके स्मित पुरे. ज्याचा उल्लेख कळला नाही, त्याविषयी ओघ मंदावल्यावर शेजारच्याला हळू आवाजात विचारावे. यात एक फायदाही आहे. एकच बोलणे साधारण चार जणांपर्यंत टिकते. पाचवा आला की त्याचे दोन भाग पडण्याकडे कल असतो. म्हणजे तुम्ही पाचवे असाल, तर शेजारच्या शांत माणसाशी वेगळे बोलणे सुरू होणे अगदी स्वाभाविक आहे. बाजूला टाकले गेलो असे तेव्हा मानू नये. दोघांचे बोलणे सावकाश चालते, त्यात न समजलेला शब्द पुन्हा विचारता येतो आणि त्या माणसाच्या आधाराने मोठ्या गप्पांत परतताही येते.

स्वतःची ओळख करून देण्याची घाई नको. येताच प्रत्येकाशी हस्तांदोलन केले, तर प्रत्येकाला ऐकणे सोडून तुमच्याकडे वळावे लागते. नाव सांगण्याची वेळ बहुधा विषय संपल्यावर, कोणीतरी तुमच्याकडे प्रश्नार्थक पाहिल्यावर आपोआप येते. निघतानाही बोलणे तोडून सर्वांचा निरोप घेऊ नये. शेजारच्याला एक वाक्य, बाकीच्यांना मानेने निरोप, आणि पाऊल मागे. त्या बाई पुन्हा भेटल्या की कपाटाची दारे बसली का, एवढे विचारण्याइतकी ओळख तुमच्या हाती असेल.