दोन पिवळ्या गोळ्या: औषधाचा फोटो पाठवताना या चुका टाळा

रात्रपाळीत दुकानाच्या फोनवर गोळ्यांचे फोटो येतात. फॉइलवर फ्लॅश चमकलेला असतो, नाहीतर स्ट्रिपची एकच बाजू दिसते. रंगावरून औषध ओळखा म्हटलं की मी नाहीच म्हणतो.

सगळ्यांत वाईट चूक म्हणजे नाव छापलेल्या टोकाकडून गोळ्या काढत जाणं. ते टोक फाटलं की हातात नुसती पिवळी गोळी उरते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचा रात्री दीडला मेसेज आला होता: "दादा, सासूबाईंचं तोंड आलंय, पाणीही गिळवत नाही. जेल पाठवता?" सोबत चालू औषधांचा फोटो होता. दोन स्ट्रिप, दोन्हींत छोट्या पिवळ्या गोळ्या, दोन्हींची टोकं फाटलेली. एकीवर "मेथो" एवढंच उरलं होतं.

आमचा नवा मुलगा जेल काढायला निघाला, त्याला थांबवलं. घाईनं जेल दिलं की खरा प्रश्न झाकला जातो. मी ताईंना चिठ्ठीचा आणि रिकाम्या स्ट्रिपसकट सगळ्यांचा दोन्ही बाजूंनी फोटो मागितला.

चिठ्ठीवर संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट २.५ मिग्रॅच्या तीन गोळ्या, फक्त रविवारी. फॉलिक ॲसिड रविवार सोडून रोज एक. औषध सुरू होऊन दोन आठवडे झाले होते, म्हणजे मेथोट्रेक्सेटच्या सहा आणि फॉलिकच्या बारा गोळ्या संपायला हव्या होत्या. मी मोजल्या. मेथोट्रेक्सेटच्या बारा गेल्या होत्या, फॉलिकच्या सहा. अदलाबदल झाली होती. आठवड्याचं औषध रोज पोटात जात होतं, आणि त्याचा त्रास कमी करणारी गोळी रविवारी.

मेथोट्रेक्सेट असं रोज गेलं तर तोंडात फोड येतात आणि रक्तातल्या पेशी घटतात, मग साधा ताप जिवावर बेततो. मी आमच्या फार्मासिस्टना उठवलं. त्यांनी ताईंना विचारलं, "ताप आहे?" होता. "पुढची गोळी देऊ नका, सगळ्या स्ट्रिप घेऊन आत्ता सयाजी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, रोज घेतल्याचं आधी सांगा." तिथं पांढऱ्या पेशी कमी निघाल्या. मेथोट्रेक्सेटवरचा उतारा म्हणून ल्युकोव्होरिन सुरू झालं. यावर साधं फॉलिक पुरत नाही.

स्ट्रिप कात्रीनं कापून डबीत एकत्र भरू नका. जुनी चिठ्ठी टाकू नका.

मी मेथोट्रेक्सेट देताना स्ट्रिपच्या मागे मार्करनं वार लिहितो, वेगळ्या पिशवीत घालतो आणि घेणाऱ्याकडून तो वार वदवून घेतो. गोळी नेहमी नावाच्या विरुद्ध टोकाकडून काढायला सांगतो. गिऱ्हाईक वैतागलं तरी.