लॅपटॉपला आकड्यांचा वेगळा कीपॅड जोडताना

निपाणीच्या तंबाखू वखारीत असो वा बेळगावच्या खडेबाजारातील कापड दुकानात, हिशेब लिहिणाऱ्यासमोर आता बहुधा लहान लॅपटॉप असतो आणि त्यावर उजवीकडचा आकड्यांचा संच नसतो. अशा वेळी वेगळा कीपॅड घ्यावा लागतो. दिवसभर व्हाउचर भरायची असतील तर तो वायरचा, यूएसबीचा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण असे. ब्लूटूथ कीपॅड बॅटरी वाचवण्यासाठी काही मिनिटांनी झोपी जातो आणि जागे होताना पहिली कळ कधीकधी गिळतो. मग १२,५०० ऐवजी २,५०० अशी नोंद होते, आणि संगणकाला त्यात काहीच वावगे दिसत नाही. संध्याकाळी रोकड जुळवताना नेमका १०,००० चा फरक आला, तर चहाच्या सुट्टीनंतरची पहिली नोंद आधी तपासावी. डोंगलवर चालणारा कीपॅड वापरायचाच असेल, तर डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टपासून दूर ठेवावे, कारण त्या पोर्टवरील हार्ड डिस्कसारख्या उपकरणाचा त्याच्या लहरींत व्यत्यय येतो.

जोडणी सोपी आहे. कीपॅडची वायर थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावावी. विंडोज त्याला कीबोर्ड म्हणून स्वतःच ओळखते, त्यामुळे सहसा वेगळे ड्रायव्हर लागत नाही. लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल तर साधा ॲडॅप्टर पुरतो.

खरी अडचण नम लॉकची असते. तो बंद राहिला तर ८ दाबल्यावर आकडा न उमटता कर्सर वर जातो, ४ दाबल्यावर डावीकडे सरकतो. चालू केला, तर काही जुन्या लॅपटॉपवर दुसरीच गंमत घडते: त्यांच्या अक्षरांच्या कळांतच आकडे दडवलेले असतात, आणि विंडोजमध्ये नम लॉकची स्थिती सर्व कीबोर्डना सामाईक असते. म्हणून कीपॅड जोडताच नोटपॅड उघडून, नम लॉक चालू ठेवून, लॅपटॉपच्या कळांवर आपल्या उद्यमबागेचे नाव टाइप करून पाहावे. `udyambag` ऐवजी `4dya0bag` उमटले, तर दोष कीपॅडचा नाही. तुमचा लॅपटॉप त्या जुन्या पद्धतीचा आहे.

अशा लॅपटॉपसाठी स्वतंत्र नम लॉक असलेला कीपॅड मागावा. तो प्रत्येक आकड्यापुरताच नम लॉक चालू करतो आणि लगेच बंद करतो. लॅपटॉपवर नम लॉकचा दिवा असेल तर तो कळेगणिक लुकलुकताना दिसतो. मात्र दूरच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने टॅली चालवणाऱ्यांनी हा प्रकार घेण्यापूर्वी दुकानातच चाचणी मागावी, कारण ही उघडझाप जोडणीच्या विलंबात चुकू शकते आणि आकड्याऐवजी कर्सरच हलतो.

शेवटी `12500` दहा वेळा वेगाने टाइप करावे, `00` ही कळ असेल तर तीही वापरून पाहावी, आणि प्रत्येक ओळीत पाच अंक आहेत का ते मोजावे. बिनतारी कीपॅड असेल तर पंधरा मिनिटे हात न लावता ठेवून हीच ओळ पुन्हा टाइप करावी, आणि सुरुवातीचा १ उमटला की नाही ते पाहावे.